खाटेपाशी सांगितली जाणारी हकिगत

सकाळी वॉर्डात राउंड येतो. निवासी डॉक्टर रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून वरिष्ठांना सारी हकिगत थोडक्यात सांगतात. हे बोलणे आपल्यासाठी नव्हे असे समजून आपण मागे सरकता. कृपया सरकू नका. त्यातील पहिला भाग आपल्याच माहितीवर उभा असतो.

समजा, ७८ वर्षांच्या आजी पहाटे न्हाणीघरात पडल्या. मांडणीची सुरुवात अशी होते : "वय ७८, काल पहाटे घरात पडल्या, तेव्हापासून उजवा पाय टेकवता येत नाही." वरिष्ठ लगेच विचारतात, "पडल्या कशा?" ओल्या फरशीवर पाय घसरला, की उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली? अंधारी आली असेल, तर हृदयाचा आलेख, उभे राहतानाचा रक्तदाब आणि चालू गोळ्या पाहाव्या लागतात. अन्यथा शस्त्रक्रिया उत्तम होऊनही आजी पुन्हा पडू शकतात. घाईत "पडल्या" एवढेच सांगितले गेले, की हा धागा तेथेच तुटतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास शेवटची कधी घेतली, हेही सांगावे. शस्त्रक्रियेची वेळ आणि भुलीचा प्रकार त्यावर ठरतो.

तपासणीत आजींचा उजवा पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूस वळलेला आढळतो. असा पाय मुद्दाम हलवून पाहत नाहीत. मात्र पावलाची नाडी लागते का, बोटे हलतात का, टाचेची कातडी लाल झाली आहे का, हे सांगितलेच पाहिजे.

नंतर एक्स-रे. समोरून घेतलेल्या चित्रात दोन्ही खुबे हवेत, म्हणजे डाव्याशी तुलना होते. शिवाय बाजूने घेतलेले दुसरे चित्र. बारीक तडा एक्स-रेत कधी दिसतही नाही. चित्र निर्दोष असूनही पाय टेकवताना कळ येत असेल, तर एमआरआय करावा लागतो. आजींच्या मांडीचे हाड मानेपाशी मोडून सरकलेले आहे. हाडाच्या गोलाला रक्त मुख्यतः याच मानेवरून पोचते, म्हणून या वयात ते जोडण्यापेक्षा बहुधा कृत्रिम गोल बसवतात.

येथे वरिष्ठ पुन्हा आपल्याकडे वळतात : "पूर्वी कशा चालत होत्या?" आजी एकट्या बाजारात जात असतील, तर खुब्याचा संपूर्ण सांधा बदलण्याचाही विचार होतो. घरातल्या घरात काठीने वावरत असतील, तर केवळ गोल पुरतो. "बऱ्या चालत" या उत्तरातून यातले काहीच कळत नाही.

शेवटी योजना : वेदनाशमन, शक्यतो दीड-दोन दिवसांत शस्त्रक्रिया, दुसऱ्या दिवशी आधाराने उभे करणे आणि हाडांच्या ठिसूळपणावर औषध. हे शेवटचे पुष्कळदा मांडणीतून गळते. ऐकू आले नाही, तर आपणच विचारा.