मोजके दिवस आणि माझी लाल शाई

रमजानचे रोजे फर्ज झाले ते ज्या आयतींमध्ये, त्यांतलीच एक सूरह बकराची १८४ वी आयत. तिच्या सुरुवातीलाच ‘मोजके दिवस’ या अर्थाचे दोन शब्द येतात : ‘अय्याम’ म्हणजे दिवस आणि ‘मअदूदात’ म्हणजे मोजलेले. याच दोन शब्दांवरून गेल्या वर्षी मी एका विद्यार्थिनीचा एक गुण कापला. तो कापायला नको होता.

आधी नियम सांगते. अरबीत विशेषण नामाच्या मागून येतं आणि त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. मराठीतही बदलतंच : नवा फळा, नवी वही, नवं पुस्तक. अरबीत पुस्तक, म्हणजे ‘किताब’, पुल्लिंगी. एक नवं पुस्तक ‘किताब जदीद’, दोन नवी पुस्तकं ‘किताबानि जदीदानि’. इथवर सरळ आहे. पण पुस्तकं तीन किंवा जास्त झाली की ‘कुतुब जदीदा’ म्हणायचं. ‘जदीदा’ हे स्त्रीलिंगी एकवचन. नवे विद्यार्थी मात्र ‘तुल्लाब जुदुद’, तिथे विशेषणही अनेकवचनी. म्हणजे माणसांचं अनेकवचन ते अनेकवचनच, बाकीच्या सगळ्यांचं मात्र एका बाईसारखं.

मराठी मुलांना यात एक सोय सापडते. ‘नवी वही’ आणि ‘नवी पुस्तकं’ यांत विशेषणाचं रूप एकच आहे ना? तसंच ते अरबीत बसवतात. सुरुवातीला हे चालून जातं, पण मराठीत ‘नवी मुलं’ही म्हणतात. त्याच सवयीने मुलं ‘तुल्लाब जदीदा’ लिहितात, आणि आजच्या लेखी अरबीत ते चूक ठरतं. मराठी नपुंसकलिंग पाहते, अरबी माणूस आहे की नाही ते पाहते. रूपं जुळली हा योगायोग.

मग वस्तूंना स्त्रीलिंग का? वर्गातल्या मुली हा प्रश्न दरवर्षी विचारतात, आणि तो रागाने विचारतात. यात बाईला वस्तू मानण्याचा प्रकार नाही. जुने व्याकरणकार सांगत, की अनेक वस्तू एकत्र आल्या की मनात एक ‘जमाआ’, म्हणजे समूह, उभा राहतो. हा शब्द अरबीत स्त्रीलिंगी एकवचनी आहे आणि विशेषण त्याच्याशी जुळतं. तोच शब्द मराठीत ‘जमात’ झाला आणि इथेही स्त्रीलिंगीच राहिला. उर्दूत ललित कलांना ‘फुनून-ए-लतीफा’ म्हणतात. ‘फुनून’ हे ‘फन’चं अनेकवचन आणि ‘लतीफा’ स्त्रीलिंगी एकवचन. नियम न शिकताही हे आपल्या तोंडात आहे.

आता माझ्या चुकीकडे येते. त्या मुलीने ‘मोजके दिवस’चं भाषांतर ‘अय्याम मअदूदात’ केलं. नियमाने ‘मअदूदा’ हवं, कारण दिवस माणूस नाहीत. ‘मअदूदात’ हे स्त्रीलिंगी अनेकवचन. मी लाल शाईने ‘त’ खोडला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मॅडम, रोज्यांच्या आयतीत तर असंच आहे.” ती आयत लहानपणापासून मला पाठ आहे. खोडताना मात्र आठवली नाही.

घरी येऊन कुरआन उघडलं. सूरह बकराच्याच ८० व्या आयतीत ‘मअदूदा’ आहे. ‘आम्हाला आग शिवली तर मोजकेच दिवस’ असं म्हणणाऱ्यांचं ते बोलणं आहे. तेच बोलणं सूरह आले इम्रानच्या २४ व्या आयतीत पुन्हा येतं आणि तिथे ‘मअदूदात’ आहे. काही व्याकरणकार म्हणतात, की संख्या थोडी असेल तर अनेकवचन आणि मोठी असेल तर एकवचन. तसा कल दिसतो, पण एकच बोलणं दोन रूपांत आलं की त्या कलाला पक्का नियम म्हणता येत नाही.

जुन्या अरबीत दोन्ही रूपं चालत. आजच्या वर्तमानपत्री आणि शालेय गद्यात स्त्रीलिंगी एकवचन रूढ झालं आणि आमच्या पाठ्यपुस्तकांनी त्या रूढीला कायदा करून टाकलं. नियम सोडून द्या असं मी म्हणत नाही. नवख्याला त्याच्याशिवाय एक वाक्य लिहिता येणार नाही. पण शिकवताना ‘आजच्या गद्यात’ हे दोन शब्द जोडावेत आणि त्याच तासाला या तीन आयती शेजारी ठेवाव्यात, एवढंच माझं म्हणणं. नाहीतर पोरं घरी जे पाठ करतात तेच वर्गात चूक ठरतं, आणि मग त्यांचा एक तर पाठांतरावरचा विश्वास उडतो किंवा व्याकरणावरचा.

तिचा गुण मी परत दिला. यंदाच्या प्रश्नपत्रिकेत तोच प्रश्न आहे. उत्तरसूचीत दोन्ही रूपं लिहिली आहेत.