हातोड्याचा कौल आणि भाडेकरूंचे भवितव्य

तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वये बंधनकारक आहे. परळ, लालबाग, दादर येथील पागडीच्या इमारतींत या तपासणीचा अहवाल म्हणजे केवळ अभियांत्रिकीचा कागद नसतो. इमारत ‘सी-१’ ठरली तर ती रिकामी करून पाडावी लागते, ‘सी-२ ब’ ठरली तर राहत्या घरीच दुरुस्ती होऊ शकते. साहजिकच मालकाने आणलेला अहवाल पहिल्या वर्गाकडे झुकतो, भाडेकरूंनी आणलेला दुसऱ्याकडे आणि वाद महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातो. दोन्ही अहवालांत आकडे असतात ते बहुधा त्याच दोन उपकरणांचे. तेव्हा ही उपकरणे नेमके काय सांगतात, हे रहिवाशांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले उपकरण रिबाउंड हॅमर. गिलावा काढून, पृष्ठभाग घासून, स्प्रिंगच्या जोराने दांडा काँक्रीटवर आपटतात आणि तो किती मागे उसळतो याचा अंक वाचतात. हा अंक मुळात पृष्ठभागाच्या कठीणपणाचा. तो खालच्या दोन-तीन सेंटिमीटर थराविषयीच बोलतो. त्यावरून आलेखाच्या साह्याने काढलेली ताकद पंचवीस टक्के इकडेतिकडे असू शकते, असे भारतीय मानक स्वतःच बजावते. शिवाय हवेतील कर्बवायू शोषून जुन्या काँक्रीटचे कवच कठीण होते. त्यामुळे ताकदीचा अंदाज पन्नास टक्क्यांपर्यंत फुगू शकतो.

दुसरी चाचणी ध्वनिलहरींच्या वेगाची. खांबाच्या एका बाजूने सोडलेली लहर दुसऱ्या बाजूला पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे मोजून अंतराला त्या वेळाने भागतात. जुन्या इमारतींतील साधारण प्रतीच्या काँक्रीटमध्ये सेकंदाला साडेतीन किलोमीटरपेक्षा कमी वेग आल्यास ते संशयास्पद समजावे, असा प्रचलित दंडक आहे. परंतु लहरीच्या वाटेशी समांतर सळई असेल तर वेग खोटाच वाढतो. समोरासमोर दोन्ही बाजू मोकळ्या नसल्या आणि मोजमाप एकाच पृष्ठभागावरून घेतले तर तो घटतो.

उदाहरणादाखल ३०० मिलिमीटर जाडीचा एक खांब घेऊ. हातोड्याच्या अंकावरून ताकद चाळीस न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर निघाली आणि लहरीला पलीकडे जाण्यास सेकंदाचे शंभर दशलक्षांश लागले, म्हणजे वेग सेकंदाला तीन किलोमीटर. मालकाचा सल्लागार दुसरा आकडा ठळक करील, भाडेकरूंचा पहिला. वस्तुतः दोन्ही आकडे खरे असू शकतात. कवच कठीण झाले आहे आणि आत पोकळी अथवा तडा आहे, हा त्यांचा एकत्रित अर्थ संभवतो. त्याची शहानिशा करण्यासाठी त्या जागेचा गाभा कापून प्रयोगशाळेत दाबून पाहावा लागतो. फिनॉल्फ्थेलीन शिंपडले असता काँक्रीटचा किती खोलीपर्यंतचा भाग गुलाबी होत नाही, यावरून कर्बवायूचा शिरकाव कळतो.

पावसाळ्यात तर गुंतागुंत वाढते. ओल्या पृष्ठभागावर हातोड्याचा अंक उतरतो, उलट भिजलेल्या काँक्रीटमधून लहर अधिक वेगाने जाते आणि पाण्याने भरलेला तडा तिला जाणवतही नाही. जुलैत घेतलेला अहवाल एप्रिलमधल्या अहवालाशी जुळला नाही, तर लबाडीचा संशय घेण्यापूर्वी तारीख पाहावी.

सर्वांत मोठी मर्यादा याहून वेगळी आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत स्लॅबचे आयुष्य बहुधा सळईच्या गंजाने संपते. सळई किती गंजली, तिचा छेद किती उरला, हे यांतील एकही उपकरण सांगू शकत नाही. त्यासाठी विद्युत्‌विभवाची चाचणी करावी लागते व काही ठिकाणी सळई उघडी करून मोजावी लागते. आणि गिरगावातील लाकडी सांगाड्याच्या चाळींचे काय? तेथे खांब-तुळया सागाच्या, भिंती विटांच्या. काँक्रीटच्या या चाचण्यांना तेथे विषयच नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर येथे माहितीचा विक्रेता जाणकार आहे, ग्राहक अजाण आहे आणि निष्कर्षात पैसे मोजणाऱ्याचा हितसंबंध आहे. अशा बाजारात सचोटीचा एकच व्यवहार्य निकष उरतो, तो म्हणजे मर्यादांची कबुली. किती खांबांपैकी किती तपासले, कोणत्या खोल्या बंद होत्या, पृष्ठभाग कोरडा होता की ओला, मोजमाप समोरासमोर घेतले की एकाच बाजूने, अंदाजात चूक किती संभवते आणि किती गाभे कापले, हे अहवालाच्या पहिल्या पानावर असावे. महापालिकेने ते नसलेला अहवाल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, दाखल करूनच घेऊ नये. ‘सरासरी ताकद’ असा एकच आकडा लिहून थांबणारा अहवाल तर विशेष संशयाने वाचावा. कारण इमारत सरासरीने कोसळत नाही, ती सर्वांत दुबळ्या खांबापाशी कोसळते.