‘असे आबा निराश होऊन म्हणाले’

दिवाळी अंकांच्या कथा संपादकांच्या टेबलावर येऊ लागल्या की मराठवाड्यातल्या कथांत एक गंमत हमखास दिसते. वर्णन रसरशीत आणि जिवंत, पण माणसं बोलू लागली की ग्रामसभेचं इतिवृत्त. कळंबच्या मोंढ्यातला हा प्रसंग पाहा. उदाहरणासाठी तो आम्हीच रचला आहे, पण त्याचे सख्खे भाऊ तुमच्याही टेबलावर असतील.

“शेठ, काल आपण मला फोनवर सांगितले होते की सोयाबीनला पंचेचाळीसशे रुपये भाव मिळेल,” असे आबा निराश होऊन म्हणाले.

“होय, परंतु तुमच्या मालात हवा जास्त असल्यामुळे मी तो भाव देऊ शकत नाही,” शेठ थंडपणे उत्तरला.

“मुलीच्या फीसाठी आम्हाला पैशांची तातडीने गरज आहे, हे तुम्हाला माहीत आहे,” आबा काकुळतीने म्हणाले.

बोली घालायची म्हणून ‘आहे’चं ‘हाय’ करून हे सुधारत नाही. मुळात ही माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत, वाचकाला माहिती पुरवतात. फोन काल झाला, भाव किती ठरला, हे शेठला ठाऊक आहे. फीचं त्याला माहीत असेल तर आबा ते एवढ्या शब्दांत सांगणार नाहीत. नसेल तर अडत्यासमोर नड उघडी करणं म्हणजे भाव आणखी पाडून घेणं, एवढं आबांना कळतं. म्हणून आधी आशय कापायचा, भाषेकडे नंतर वळायचं.

“काल फोनवर पंचेचाळीसशे म्हणलाव की, शेठ.”

शेठनं मूठभर दाणे तळहातावर पसरले. “हवा बघा की किती हाय.”

“दोन दिस वाळवलंय.”

“एक्केचाळीस.”

आबांनी पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून ठेवलं. “पट्टी आजच करा मग.”

‘निराश होऊन’चं काम आबांच्या त्या एका ‘की’नं केलं. थंडपणा ‘एक्केचाळीस’ या तुटक शब्दात आला, आणि काकुळत ‘आजच’मध्ये. मात्र फी संवादातून काढली तर ती आधी कुठे तरी पेरावी लागते, पोरीचा वसतिगृहातून आलेला निरोप म्हणून एखाद्या ओळीत. ते विसरलं तर ‘आजच’ला वजन उरत नाही, आणि वाचक अडतो तो या ओळीवर, चूक मात्र दोन पानं मागे असते.

‘म्हणाला-म्हणाली’ गाळायला मराठी बरीच सवलत देते. ‘येते’ म्हणणारी बाई, ‘येतो’ म्हणणारा पुरुष. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘माय’, ‘आबा’ यांवरून नातंही कळतं. पण ‘मी पोतं आणलं’, ‘मी पैसे दिले’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, तिथे बोलणारा कोण हे कळत नाही. घरात तिघं बोलत असताना अशी दोन वाक्यं लागोपाठ आली की एक ‘आई म्हणाली’ ठेवावंच. साधं ‘म्हणाली’ डोळ्यांना टोचत नाही. टोचतात ‘उद्गारली’ आणि ‘प्रत्युत्तरली’. दर ओळीत ‘आबा, आबा’ अशी हाक घालून ओळख पटवणं हाही तोच आजार. आणि दर ओळीमागे तंबाखू मळायला लावणं तर नवी साथच आहे! वरच्या प्रसंगात दोनच कृती ठेवल्या, कारण दोन्हींत मालावरची ओढाताण आहे.

कळंबच्याच जिल्ह्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ आठवा. बाजारात शेतकरी आपलेच टोमॅटो पायाखाली तुडवतो. तिथे ‘संतापाने’ हा शब्द घालायला जागाच उरत नाही.

बोलीबाबत मुद्रितशोधकाशी आधीच बोलून ठेवावं. पात्राच्या तोंडी ‘असं’, ‘केलं’ अशी सानुस्वार रूपं लिहायला साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच मुभा आहे. त्यापलीकडची ‘म्हणलाव’, ‘करायलाव’ यांसारखी रूपं कथेपुरती एका कागदावर उतरवून प्रुफासोबत द्यावीत. नाही तर पान तीनवरचं ‘म्हणलाव’ पान नऊवर ‘म्हणालात’ होतं, आणि आबा मधेच पुण्याचे होतात. प्रत्येक शब्द मोडून लिहायची गरज नाही. क्रियापदं आणि ‘की’, ‘बी’, ‘व्हय’ सांभाळले की कानाला गाव कळतो. कळंबचं बोलणं आणि कानडी मुलखाला लागून असलेल्या उमरग्याचं बोलणं एक नव्हे, त्यामुळे ‘मराठवाडी’ म्हणून सरसकट एकच यादी वापरू नये.

तपासायचं कसं? ‘म्हणाला’चे तुकडे पेन्सिलीनं झाकून दोघांनी संवाद मोठ्यानं वाचावा. वाचणारा ‘हे कोण बोललं?’ म्हणून थांबला तर तिथलं ‘म्हणाला’ परत घ्यावं. वाचताना दम लागला तर ते वाक्य बोलण्यातलं नाही.

कापायचा अधिकार आपला, पण कापलेल्या जागी बोलीतली नवी ओळ आपण रचू नये. समासात ‘इथे आबा काय म्हणतील?’ एवढंच लिहून पान लेखकाकडे परत पाठवावं.