शाळेतली गोळी आणि घरातले जंत

"ताई, शाळेत गोळी दिली होती हो. मग पुन्हा कसे झाले?"

लालबागच्या एका चाळीत बायकांच्या बैठकीनंतर एका आईने मला हळूच बाजूला घेऊन विचारलं. मुलगी तिसरीत. रात्री झोपल्यावर तासाभराने शौचाच्या जागी खाज, चुळबूळ, रडारड. आईने बॅटरी लावून पाहिलं तर पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे बारीक किडे वळवळत होते. फेब्रुवारीत शाळेत गोळी खाल्ली, खाज थांबली आणि सव्वा महिन्याने पुन्हा सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "गोड खायला घालतेस ना, भोग आता!" शेजारीण म्हणाली, गोळीच बोगस.

मैत्रिणींनो, दोन्ही चूक. गोडाने जंत होत नाहीत. जंत अंड्यातून येतात आणि ती अंडी तोंडावाटे पोटात जातात. गोळीही बोगस नव्हती. 2015 पासून सरकारी जंतनाशक मोहिमेत 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत ही अल्बेंडाझोलची गोळी मिळते. दोन वर्षांच्या पुढे 400 मिलिग्रॅमची एक, त्याआधी अर्धी. ती चावून खायची. या मोहिमेचा मुख्य रोख मातीतून येणाऱ्या जंतांवर आहे.

त्यातलाच एक म्हणजे गोल जंत. फिकट, गांडुळासारखा, वीतभर लांब. पोट दुखतं, भूक मंदावते, मूल वाळतं. त्याची अंडी मातीत दोन-तीन आठवडे पडून राहिली तरच रोग देण्याजोगी होतात. त्यामुळे शेजारी झोपलेल्याला तो थेट लागत नाही. तो येतो न धुतलेल्या पालेभाजीतून, मातीच्या हातांतून. मे महिन्यात गावी जाऊन आलेल्या मुलांकडे म्हणूनच लक्ष ठेवावं. त्याला बहुधा एक गोळी पुरते. पण पोट फुगलं, उलट्या होऊ लागल्या, कळा थांबेनात, तर घरी गोळी देत बसू नका. जंतांचा गुंता आतड्यात अडकलेला असू शकतो. तडक इस्पितळ गाठा.

आपल्या मुलीचे मात्र बारीक जंत, म्हणजे सूतकृमी. त्यांची चाल वेगळी. मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, म्हणून खाज. ती अंडी चार-सहा तासांतच तयार होतात. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, तेच बोट तोंडात. शिवाय ती चादरीवर, चड्डीवर दोन-तीन आठवडे जगतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं ओळीने झोपतात, तिथे आजार एकट्या मुलीचा कसा राहील? मी विचारलं तेव्हा कळलं, गोळीच्या दिवशी धाकटा भाऊ तापामुळे बालवाडीत गेलाच नव्हता. आईलाही खाज होती, पण सांगायची लाज.

आणखी एक गोष्ट. गोळी मोठ्या जंतांना मारते, अंड्यांना नाही. नंतर पोटात गेलेल्या अंड्यांतून महिना-दीड महिन्यात नवे जंत तयार होतात. सव्वा महिन्याचा हिशोब इथे जुळतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने आणि तान्ह्या बाळासाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं. खात्री नसेल तर पहाटे, अंग धुण्याआधी सेलोटेपचा तुकडा त्या जागी चिकटवून काढायचा आणि डॉक्टरांकडे न्यायचा. शौचाच्या तपासणीत ही अंडी बहुतेक वेळा सापडतच नाहीत.

त्या पंधरा दिवसांत आईने काय केलं? नळाला पाणी आल्यावर पहिलं काम म्हणजे मुलांचं अंग साबणाने धुणं. संध्याकाळची अंघोळ इथे कामाची नाही, कारण अंडी रात्री पडतात. रोज सकाळी चड्डी बदलली. सगळ्यांची नखं कापली. रात्री घट्ट चड्डी घालून झोपवलं. चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकल्या. गॅलरीत गोधडी झटकणं बंद केलं, कारण झटकली की अंडी हवेत उडतात. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसलं. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात.

दुसऱ्या गोळीनंतर दोन महिने झाले, मुलगी शांत झोपते.

शाळांना माझं एवढंच सांगणं आहे. गोळीबरोबर एक चिठ्ठी घरी पाठवा: "मुलाला रात्री खाज सुटते का? सुटत असेल तर घरातल्या सगळ्यांसाठी डॉक्टरांना विचारा." एवढ्या दोन ओळींनी एखाद्या आईला सासूचे टोमणे ऐकावे लागणार नाहीत.