फलकावर तेल-साखर, तांबूस रंगाचे काय?

जुलै २०२५मध्ये समोसा, जिलेबी आणि वडापाव अचानक बातम्यांत आले. कार्यालयांत तेल आणि साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावावेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सुचवले होते. पदार्थांवर इशारा छापण्याचा हा आदेश नाही, असा खुलासा नंतर मंत्रालयानेच केला. चर्चा थांबली, पण तळणीचा एक प्रश्न तिच्यात आलाच नाही. ॲक्रिलामाइड हे रसायन तेलातही नसते आणि साखरेतही नसते. ते कढईत किंवा भट्टीत, पदार्थ तांबूस होताना तयार होते.

महाड आणि पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्गावर गाडी थांबली, की समोर वडापाव, भजी, वेफर्सची पाकिटे आणि चहाबरोबर बटर किंवा खारी असते. यात ॲक्रिलामाइडच्या दृष्टीने काळजीचा पदार्थ कोणता? बहुतेक जण वड्याकडे बोट दाखवतील. पण रसायनशास्त्राचे उत्तर वेगळे आहे.

या शोधाची सुरुवात एका बोगद्यापासून झाली. आपला कशेडीचा बोगदा नव्हे, तर दक्षिण स्वीडनमधला हॅलँडसोस येथील रेल्वेचा बोगदा. तिथली गळती थांबवण्यासाठी ॲक्रिलामाइड असलेले मिश्रण खडकात भरण्यात आले. १९९७मध्ये ते पाण्यात मिसळले, मासे मेले, गाई लुळ्या पडल्या आणि कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. कामगारांच्या रक्तात हे रसायन हिमोग्लोबिनला चिकटलेले आढळले. मात्र ज्यांचा बोगद्याशी संबंध नव्हता, त्यांच्याही रक्तात त्याचा थोडा अंश निघाला. तो आला कुठून, याचा माग काढत स्टॉकहोम विद्यापीठाचे संशोधक अन्नापर्यंत पोहोचले. तळलेले आणि भाजलेले पिष्टमय पदार्थ हा त्याचा स्रोत असल्याचे एप्रिल २००२मध्ये जाहीर झाले.

कारणही त्याच वर्षी कळले. बटाट्यात आणि धान्यात ॲस्परजिन नावाचे अमिनो आम्ल असते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्कराही असतात. तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि ओलावा संपत आला, की या दोहोंची अभिक्रिया होते. खमंग वास आणि तांबूस रंग तिच्यातूनच येतो आणि ॲक्रिलामाइडही तिच्यातूनच येते.

यातला 'ओलावा संपत आला की' हा भाग महत्त्वाचा. पाणी असेपर्यंत पदार्थाचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. वड्यातला बटाटा आधी उकडलेला असतो आणि बेसनाच्या आवरणाआड तो शेवटपर्यंत ओलाच राहतो. कढईतले तेल १८० अंशांवर असले, तरी आतली भाजी वाफेवरच असते; तांबूस होते ते फक्त वरचे पातळ आवरण. वेफरची गोष्ट उलटी आहे. ती चकती एक-दीड मिलिमीटर जाडीची असते आणि आरपार कोरडी होईपर्यंत तळावीच लागते. म्हणजे वड्यात फक्त साल तळली जाते, वेफरमध्ये सगळा बटाटा. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी वड्याच्या बाजूची, तर दोनदा भाजून कोरडे केलेले बटर वेफरच्या बाजूचे.

युरोपीय संघाने २०१७च्या नियमात उद्योगांसाठी निर्देशक पातळ्या ठरवल्या आहेत. बटाटा वेफर्ससाठी त्या किलोमागे ७५० मायक्रोग्रॅम आहेत आणि गव्हाच्या मऊ पावासाठी ५०. या हिशेबाने ३० ग्रॅमच्या वेफर्सच्या पाकिटात साडेबावीस मायक्रोग्रॅम येतात आणि ५० ग्रॅमच्या पावात अडीच. म्हणजे एक छोटे पाकीट नऊ पावांच्या बरोबरीचे झाले. प्रत्यक्षातले आकडे घाण्यागणिक बदलतात, पण फरक केवढा आहे हे यावरून कळते.

घाण्यागणिक फरक का पडतो, याचे उत्तर बऱ्याचदा शीतगृहात असते. महाड-पोलादपूरची शेती भाताची, नाचणीची आणि वरीची. बटाटा इथे घाटावरून किंवा त्याहून दूरच्या शीतगृहांतून येतो. भाजीचा बटाटा कोंब येऊ नयेत म्हणून दोन ते चार अंशांवर महिनोन् महिने ठेवतात. त्या थंडीत बटाटा आपल्या स्टार्चचे साध्या शर्करांत रूपांतर करतो. पावसाळ्यात कधी कधी बटाटा गोडसर लागतो, तो यामुळेच. असा बटाटा तळला, की आतून शिजण्याआधीच तपकिरी होतो आणि त्यात ॲक्रिलामाइडही जास्त बनते. म्हणूनच वेफर्सचे कारखाने कुफरी चिप्सोनासारखे कमी शर्करेचे वाण घेतात आणि ते दहा-बारा अंशांवर साठवतात.

घरी किंवा गाडीवर प्रयोगशाळा नसते, पण परीक्षा सोपी आहे. नव्या पोत्यातले चार-पाच बटाटे घेऊन प्रत्येकाची एक चकती तळून पाहावी. ती फिकट सोनेरी राहून कुरकुरीत झाली, तर बटाटा तळणीचा. कुरकुरीत होण्याआधीच तपकिरी झाली, तर ते पोते रस्सा, भाजी आणि वड्यासाठी ठेवावे. पंधरा-वीस दिवस घरच्या तापमानाला ठेवल्यावर काही बटाट्यांतली शर्करा कमीही होते.

तळायचेच असेल, तर कच्च्या चकत्या १५ ते ३० मिनिटे पाण्यात ठेवून, ते पाणी फेकून, कपड्यावर कोरड्या कराव्यात. कापलेल्या पृष्ठभागावरच्या शर्करा आणि ॲस्परजिन त्यात धुऊन जातात. गरम पाण्याने हे काम अधिक चांगले होते. उन्हाळी वाळवणात बटाट्याच्या चकत्या तुरटीच्या पाण्यात उकळून, निथळून मग वाळत घालतात. वेफर पांढरा राहावा म्हणून केलेली ही कृती नेमके हेच साधते. मात्र वाळलेली चकती काही सेकंदांत फुलते. धूर निघणाऱ्या तेलात टाकली, तर तेवढ्यातच करपते आणि आधीची मेहनत वाया जाते. तेल १७५ अंशांच्या आत ठेवावे आणि रंग सोनेरी असतानाच झारा उचलावा.

बेकरीतही असेच आहे. पावाचे पीठ यीस्टने नीट आंबू दिले, तर यीस्ट ॲस्परजिन खाऊन टाकते. उलट बिस्किटे फुलण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट वापरले, तर ॲक्रिलामाइड वाढते; त्याऐवजी खाण्याचा सोडा वापरता येतो.

मग धोका किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४मध्येच ॲक्रिलामाइडला 'माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या गटात ठेवले. त्याचा आधार मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांचा, त्यातही मोठ्या मात्रांचा आहे. आहारातल्या प्रमाणाबाबत माणसांवर झालेल्या अभ्यासांतून एकसारखा निष्कर्ष निघालेला नाही. त्यामुळे एका पाकिटाने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण वजनाच्या मानाने सर्वांत जास्त मात्रा मुलांच्या पोटात जाते. शाळेच्या डब्यात रोज वेफर्स असतील, तर हिशेब बदलतो.

भारतात वापरलेल्या तळणीच्या तेलासाठी २०१८पासून मर्यादा आहे: ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपर्यंतच. पदार्थातल्या ॲक्रिलामाइडसाठी तशी मर्यादा नाही. शिवाय तेल तपासणारे यंत्र हे रसायन दाखवत नाही. तेल अगदी ताजे असूनही गोडसर बटाट्याचा वेफर त्यात करपू शकतो. तेव्हा फलकावर तेलाचे चमचे मोजले, तरी पाकीट उघडल्यावर रंग पाहावा आणि गडद तपकिरी चकत्या बाजूला काढाव्यात.