स्ट्राइक आला, उत्पन्न थांबले: अपील कुठे आणि कसे करावे?

आपल्या घरांतून यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या भगिनींची संख्या आता बरीच आहे. कोणी रमजानच्या इफ्तारीचे पदार्थ दाखवते, कोणी शिलाई शिकवते, कोणी मुलांचा अभ्यास घेते. महिन्याला येणाऱ्या त्या चार-पाच हजारांत गॅसचे सिलिंडर येते, मुलाची शिकवणी भागते. म्हणूनच एखाद्या सकाळी व्हिडिओ काढून टाकल्याचा निरोप आला किंवा जाहिरातींचे पैसे एकदम थांबले की घरात गोंधळ उडतो. घाईघाईत व्हिडिओ पुसला जातो, नवे चॅनल उघडले जाते, नाहीतर 'चॅनल परत मिळवून देतो' म्हणणाऱ्या एखाद्याला पैसे दिले जातात. या तिन्हींनी नुकसानच होते. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

सर्वप्रथम नेमके काय झाले ते ओळखावे. निरोप ईमेलने आला असेल तर त्यातल्या दुव्यावर बोट ठेवू नये. स्ट्राइकच्या नावाने खोटे ईमेल पाठवून पासवर्ड काढून घेणाऱ्या टोळ्या आहेत. studio.youtube.com हा पत्ता आपण स्वतः टाइप करून उघडावा आणि तिथे काय लिहिले आहे ते पाहावे. स्ट्राइक खरा असेल तर तो तिथे दिसतोच. तिथे काही नसेल तर तो ईमेल खोटा समजावा.

खरे असेल तर ते बहुधा तीनपैकी एक असते. पहिले, समुदाय नियमांचा भंग, म्हणजे इशारा किंवा स्ट्राइक. यात व्हिडिओ काढला जातो. दुसरे, एखाद्या व्हिडिओवरचे डॉलरचे चिन्ह पिवळे होणे. यात व्हिडिओ राहतो, पण त्याला जाहिराती कमी मिळतात किंवा मिळतच नाहीत. तिसरे, सगळ्या चॅनलचीच कमाई बंद होणे. या तिन्हींसाठी दरवाजे वेगळे आहेत आणि मुदतीही वेगळ्या आहेत. एकाचा अर्ज दुसऱ्याकडे दिला तर वेळ फुकट जातो. दुसऱ्याचे गाणे किंवा चित्रफीत वापरल्याबद्दल येणारा कॉपीराइटचा स्ट्राइक तर चौथीच गोष्ट. त्याचे नियम निराळे असल्याने तो आज बाजूला ठेवतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, अंबरनाथला शिवमंदिर परिसरात राहणाऱ्या एक आपा आहेत. चॅनलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ आहेत, अधूनमधून घरोपयोगी माहिती असते. शेजारच्या मुलीला 'घरबसल्या नोकरी'च्या नावाखाली कोणी फसवले, म्हणून आपांनी सावध करणारा व्हिडिओ केला. त्यात फसवणाऱ्यांचा संदेश जसाच्या तसा, दुव्यासकट पडद्यावर दाखवला. 10 मार्चला, ऐन रमजानमध्ये, तो व्हिडिओ काढला गेला. कारण दिले होते: स्पॅम, फसवे व्यवहार आणि घोटाळे.

पहिल्याच वेळी असे झाले तर सहसा स्ट्राइक येत नाही, फक्त इशारा येतो. त्यासोबत एक छोटे प्रशिक्षण घेण्याची सोय असते. ते घेतले आणि पुढच्या 90 दिवसांत तोच नियम मोडला नाही, तर इशारा निघून जातो. न घेतल्यास तो चॅनलवर तसाच राहतो. आपल्या उदाहरणातल्या आपांना मागच्या वर्षी एक इशारा आला होता आणि प्रशिक्षण राहून गेले होते. त्यामुळे या वेळी थेट स्ट्राइक लागला.

पहिल्या स्ट्राइकचा परिणाम असा, की एक आठवडा, म्हणजे 17 मार्चपर्यंत, नवा व्हिडिओ, थेट प्रक्षेपण किंवा पोस्ट टाकता येत नाही. इफ्तारीचे जे व्हिडिओ पुढच्या तारखा देऊन ठेवले होते, ते खासगी होतात आणि बंदी उठल्यावर त्यांच्या तारखा पुन्हा द्याव्या लागतात. हे अनेकींच्या ध्यानात येत नाही आणि आठवडा संपूनही व्हिडिओ का दिसत नाहीत म्हणून त्या बुचकळ्यात पडतात. आठवड्यानंतर बंदी आपोआप उठते, पण स्ट्राइक 90 दिवस, म्हणजे 8 जूनपर्यंत, चॅनलवर राहतो. त्या काळात दुसरा आला तर दोन आठवडे बंदी, आणि 90 दिवसांत तीन झाले तर चॅनल कायमचे जाते.

व्हिडिओ पुसल्याने स्ट्राइक जात नाही. बंदीच्या काळात दुसऱ्या चॅनलवरून तेच काम चालू ठेवणे म्हणजे बंदी चुकवणे समजले जाते, आणि त्यात दोन्ही चॅनल जाऊ शकतात. म्हणून वाट एकच, ती अपिलाची.

अपील स्टुडिओतल्या डॅशबोर्डवर नियमभंगाच्या चौकटीतून करता येते. तिथे Appeal असा पर्याय असतो. मुदत 90 दिवसांची आहे, पण एका स्ट्राइकवर अपील एकदाच होते. म्हणून रागाच्या भरात 'माझे काही चुकले नाही, गरिबावर अन्याय होतो' असे लिहून ती एकमेव संधी घालवू नये. पाहणाऱ्याला आपली घरची अडचण ठरवायची नसते. व्हिडिओ नियमात बसतो की नाही, एवढेच त्याच्यासमोर असते.

त्यासाठी आधी ज्या नियमाचे नाव दिले आहे तो पूर्ण वाचावा. मग आपला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहून आक्षेप कुठल्या क्षणाला असू शकेल, ती मिनिटे टिपून घ्यावीत. या नियमांत शैक्षणिक, माहितीपट, वैज्ञानिक आणि कलात्मक हेतूच्या मजकुराला सवलत मिळू शकते. मात्र तो हेतू व्हिडिओच्या चित्रात किंवा आवाजात दिसला पाहिजे. नुसता शीर्षकात किंवा खालच्या मजकुरात लिहिलेला हेतू पुरेसा न ठरण्याची शक्यता असते.

आपांचे अपील मग असे होईल: 'हा व्हिडिओ नोकरीच्या फसवणुकीपासून लोकांना सावध करण्यासाठी आहे. सुरुवातीलाच, 0:12 वर, मी हे फसवे असल्याचे बोलून सांगितले आहे. 1:40 वर दाखवलेला संदेश पुरावा म्हणून आहे आणि त्यावर जाऊ नका असे मी 1:48 वर म्हटले आहे. कोणालाही त्या दुव्यावर पाठवण्याचा हेतू नाही. शैक्षणिक हेतूच्या सवलतीखाली याचा पुन्हा विचार करावा.' एवढी पाच वाक्ये पुरेत. इंग्रजीत द्यायचे असेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून याचेच साधे भाषांतर करून घ्यावे.

निकाल ईमेलने येतो. मान्य झाले तर व्हिडिओ परत येतो आणि स्ट्राइक निघतो. कधी व्हिडिओ परत येतो, पण वयाची अट घालून. फेटाळले तर स्ट्राइक राहतो आणि त्यावर पुन्हा अपील होत नाही. इथे एक खरी गोष्टही सांगितली पाहिजे. आपांनी 'हे फसवे आहे' असे तोंडाने सांगितलेच नसते, नुसता संदेश दाखवून वर संगीत लावले असते, तर हे अपील दुबळे ठरले असते. पुढच्या वेळी दुवा आणि फोन नंबर धूसर करावा, म्हणजे प्रश्नच येणार नाही.

पिवळ्या चिन्हाचे काम सोपे आहे. ते बहुतेकदा यंत्राने दिलेले असते. स्टुडिओत त्या व्हिडिओपुढे Request review म्हणून पर्याय दिसतो. तो दाबल्यावर माणूस व्हिडिओ पाहतो, आणि उत्तर साधारण 7 दिवसांत येते. ही विनंतीही एका व्हिडिओसाठी एकदाच आणि तो निर्णय अंतिम. म्हणून आधी जाहिरातींचे नियम वाचून, शीर्षकात किंवा मुखचित्रात रक्त, मारहाण, अपशब्द असे काही नाही ना, ते पाहावे. कुर्बानीचे दृश्य दाखवणाऱ्या व्हिडिओंना असे चिन्ह का लागते, तेही यावरून समजेल.

सर्वात जड प्रकार तिसरा. चॅनलची कमाईच बंद झाली, की बहुधा 'पुनर्वापर केलेला मजकूर' किंवा 'अस्सल नसलेला मजकूर' असे कारण येते. दुसऱ्यांच्या फिती जोडलेले व्हिडिओ, किंवा एकाच साच्यातून काढलेले ढीगभर व्हिडिओ यात सापडतात. जुलै 2025 मध्ये दुसऱ्या कारणाचे नाव बदलून ते अधिक स्पष्ट केले गेले. इथे अपिलाची मुदत फक्त 21 दिवस आहे, 90 नाही. हा फरक न कळल्याने संधी हुकते.

या अपिलात व्हिडिओ करून पाठवता येतो. तो त्याच चॅनलवर, असूचीबद्ध ठेवून, 5 मिनिटांच्या आत चढवायचा असतो. पहिल्या 30 सेकंदांत चॅनलचा पत्ता सांगायचा. पुढे आपण स्वतः काम कसे करतो ते दाखवायचे: स्वयंपाकघरात मोबाइल कुठे उभा करतो, आवाज कसा घेतो, तुकडे कसे जोडतो, पडद्यावरची संपादनाची फाइल. एका व्हिडिओची बाजू मांडू नये, कारण चौकशी सगळ्या चॅनलची असते. उत्तर साधारण 14 दिवसांत येते. फेटाळले गेले, किंवा अपील केलेच नाही, तर बंद झाल्याच्या तारखेपासून 90 दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो. त्या दरम्यान उसने व्हिडिओ काढून टाकून स्वतःचे नवे टाकावेत. स्ट्राइक चालू असताना मात्र नवा अर्ज बसत नाही.

आणि उत्पन्न नुसते घटले असेल, कुठलाही निरोप नसेल, तर अपिलाचा प्रश्नच नाही. डिसेंबरनंतर जानेवारीत जाहिरातींचे दर सर्वत्र उतरतात. तो बाजाराचा उतार आहे, शिक्षा नाही.

कंपनीच्या दारातले सगळे झाल्यावर भारतात आणखी एक दार आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या 2021 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या समाजमाध्यमाला भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. मूळ नियमांत पोचपावती 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत द्यायची अट होती. त्या अधिकाऱ्याच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर जाता येते. 2023 पासून तीन समित्या हे काम करतात. येथे जाण्यासाठी अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार आणि त्याचे उत्तर हवे, म्हणून ती पायरी गाळू नये.

या सगळ्यासाठी घरात एक वही ठेवावी. निरोप आला ती तारीख, नियमाचे नाव, शेवटची मुदत आणि पडद्याचा फोटो त्यात नोंदवावा. मूळ व्हिडिओंची एक प्रत मोबाइलबाहेर, पेन ड्राइव्हवर, ठेवावी. चॅनलवरून व्हिडिओ गेला तरी अपिलासाठी 1:40 वर काय होते ते पाहायला ती प्रतच कामी येते.