पासवर्डचे तुकडे आणि मराठीचे तुकडे

`k7Qvx9Tm` ही आठ चिन्हांची कशीही जुळवलेली ओळ आणि `information` हा अकरा अक्षरांचा इंग्रजी शब्द. चॅटबॉटमागचे भाषा-सॉफ्टवेअर अकरा अक्षरांचा शब्द बहुधा एका घासात गिळते. आठ चिन्हांच्या ओळीचे मात्र ते बारीक बारीक तुकडे करते. या तुकड्यांना ‘टोकन’ म्हणतात. अर्थ असलेला शब्द अखंड राहतो आणि निरर्थक तो फुटतो, असा निष्कर्ष यावरून सहज काढला जातो. तो चुकीचा आहे, कारण सॉफ्टवेअर तुकडे पाडताना अर्थ पाहतच नाही.

ते पाहते फक्त वारंवारता. ‘बाइट पेअर एन्कोडिंग’ ही पद्धत मुळात फाइल लहान करण्यासाठी फिलिप गेज यांनी १९९४ मध्ये मांडली. नमुन्याच्या मजकुरात शेजारी-शेजारी सर्वाधिक वेळा येणारी जोडी शोधायची आणि तिचा एक तुकडा करायचा. मग पुन्हा मोजायचे, पुन्हा जोडायचे. इंग्रजीत `t` आणि `h` लवकर जुळतात, मग त्यांना `e` चिकटतो आणि `the` तयार होतो. जीपीटी-२ मध्ये अशा ५०,००० जोडण्या होत्या. जोडण्या संपल्या की यादी गोठते. पुढे येणारा प्रत्येक मजकूर त्याच यादीने कापला जातो.

`k7Qvx9Tm` या यादीत का नसते? इंग्रजी लहान-मोठी अक्षरे आणि अंक मिळून ६२ चिन्हे होतात. त्यांच्या आठ चिन्हांच्या ओळी सुमारे २१८ लाख कोटी बनतात. त्यातली एखादी विशिष्ट ओळ नमुन्यात दोनदा भेटणेही कठीण. म्हणून हाती लागतात ते योगायोगाने जुळलेले एक-दोन चिन्हांचे तुकडे.

असे फुटणे हा दोष मानण्याचे कारण नाही. पूर्वीची अनेक भाषांतर-सॉफ्टवेअर ठरावीक शब्दकोशावर चालत आणि त्याबाहेरच्या शब्दाच्या जागी सरळ ‘अज्ञात’ अशी खूण ठेवत. गावाचे किंवा माणसाचे नाव तिथेच हरवायचे. तुकडे झाले तरी मूळ मजकूर शाबूत राहतो, ही मोठीच सुधारणा होती.

खरी गोम पुढे आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट घेते. ‘नमस्कार’मध्ये काना आणि हलन्त धरून सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. नमुन्यात मराठी मजकूर तुरळक असेल तर या बाइटच्या जोड्या यादीत पोहोचतच नाहीत आणि ‘नमस्कार’सुद्धा पासवर्डसारखाच फुटतो. कधी कधी तर चीर अक्षराच्या मधूनच जाते. मजकूर अशा ठिकाणी तोडला गेला की पडद्यावर अक्षराऐवजी � हे चिन्ह दिसते.

मराठी आणि पासवर्ड यांच्यातला फरक कळतो तो नमुना आणि यादी बदलल्यावर. ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना नवी, सुमारे दोन लाख तुकड्यांची यादी वापरली आणि एकाच छोट्या परिचयपर मजकुराचे आकडे वेगवेगळ्या भाषांत दिले. मराठीत त्या मजकुराची टोकन ९६ वरून ३३ वर आली. इंग्रजीत ती २७ वरून २४ झाली. मराठी भाषा तीच होती, मजकूरही तोच. सॉफ्टवेअरची ओळख तेवढी वाढली. यादृच्छिक ओळीला असा लाभ मिळत नाही. यादी कितीही मोठी केली तरी ती फुटतेच, कारण तिच्यात पुन्हा पुन्हा येणारे असे काहीच नसते.

म्हणजे तुकड्यांची संख्या एवढेच सांगते की हे फारसे पाहिलेले नाही. त्यात मुळात काही नाही की पाहणाऱ्याने पाहिलेच नाही, हे ती संख्या सांगू शकत नाही. आणि हा हिशेब कागदावरचा नाही. अनेक सेवांचे शुल्क टोकनवर ठरते. एका वेळी किती मजकूर वाचता येईल, याची मर्यादाही टोकनमध्येच असते. ९६ विरुद्ध २७ याचा अर्थ तोच मजकूर मराठीत मांडणाऱ्याला साडेतीनपट जागा मोजावी लागत होती. हा भुर्दंड भाषेच्या स्वभावामुळे पडत नव्हता, नमुना निवडणाऱ्यांमुळे पडत होता.

उलट बाजूही आहे. २०२३ च्या सुरुवातीला संशोधकांना जीपीटीच्या यादीत काही विचित्र अखंड तुकडे सापडले. त्यातला एक होता एका संकेतस्थळावरच्या वापरकर्त्याचे टोपणनाव. यादी बनवताना ते भरपूर वेळा दिसले, म्हणून त्याला स्वतंत्र टोकन मिळाले. पण प्रत्यक्ष प्रशिक्षणात ते जवळपास आलेच नसावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. तो शब्द जसाच्या तसा परत लिहायला सांगितला, की सॉफ्टवेअर भलताच शब्द लिहून मोकळे होई.